पाचाच्या पायातून साताच्या पायात जाताना या चुका टाळा

पाचाच्या पायातली ३०४२ ही संख्या घ्या. ती साताच्या पायात लिहायची तर आधी दशमानात आणायची, मग सातने भागत राहायचं. मी हे बरीच वर्षं शिकवतोय आणि दरवर्षी त्याच जागी वह्या लाल होतात.

सगळ्यात जास्त त्रास देते ती कॅल्क्युलेटरवरून उचललेली बाकी. एका मुलीचं उत्तर आलं ११०७. साताच्या पायात ७ हा अंकच नसतो, तिथे ० ते ६ एवढेच अंक. म्हणून चूक लगेच दिसली, पण ती कुठून आली हे शोधायला अर्धा तास गेला. दशमानात ३९७ तिने बरोबर आणले होते. मग ३९७ ला ७ ने भागल्यावर पडद्यावर ५६.७१४ आलं आणि तिने बाकी म्हणून ७ लिहिले. खरी बाकी ५, कारण ५६ × ७ = ३९२. पुढच्या पायऱ्यांत मात्र तिचं सगळं बरोबर. ८ भागिले ७ म्हणजे १.१४२, बाकीही १. बाकी ०, १ किंवा २ असेल तर दशांशचिन्हानंतरचा पहिला अंक योगायोगाने तोच येतो. ३ पासून फसगत सुरू होते. म्हणून दोन-तीन गणितं बरोबर आली की पोरांना वाटतं, आपली रीत बरोबर आहे. घाई असली तरी भागाकार कागदावरच करा. तीन-चार ओळींच्या कामाला यंत्र लागत नाही.

दुसरी चूक शून्याची. ३०४२ मधलं शून्य ‘काही नाही’ म्हणून सोडलं की ३ ला १२५ ऐवजी २५ ने गुणलं जातं आणि ३९७ च्या जागी ९७ येतात. मी घात लिहीतच नाही. डावीकडून सुरुवात करून प्रत्येक वेळी पाचाने गुणतो आणि पुढचा अंक मिळवतो: ३, मग १५, मग ७९, मग ३९७. यात शून्यालाही स्वतःची पायरी मिळते, त्यामुळे ते निसटत नाही.

३९७ ला सातने भागत गेलं की भागाकार ५६, ८, १, ० येतात आणि बाक्या ५, ०, १, १. ५६ ला सातने निःशेष भाग जातो, तरी ती ० बाकी लिहायचीच. भागाकार १ आला म्हणून थांबू नका, ० येईपर्यंत भागा. बाक्या खालून वर वाचा: ११०५. वरून वाचल्यात तर ५०११ होईल.

पाचाचे आणि साताचे अंक थेट जुळवायचा आडमार्ग शोधू नका. दोनातून आठात जाताना तीन-तीन अंकांचे गट चालतात कारण आठ हा दोनाचा घन आहे. सात हा पाचाचा कुठलाच घात नाही.

पडताळा मी नेहमी उलटा करतो. ११०५ डावीकडून सातने गुणत, पुढचा अंक मिळवत जा: १, ८, ५६, ३९७. हे तुमचेच भागाकार उलट्या क्रमाने यायला हवेत. पहिला आकडा जिथे जुळत नाही, ती पायरी पुन्हा करा.