कुत्रा लंगडतोय म्हणून घरातली पेनकिलर देऊ नका
मेलॉक्सिकॅम ही आपली पेनकिलर कुत्र्यांनाही देतात, पण डोस बघा: 5 किलोच्या पॉमेरेनियनला पहिल्या दिवशी 1 मिग्रॅ, मग रोज अर्धा, आणि आपली गोळी असते 7.5 किंवा 15 ची, तिचे तुकडे करून अंदाजाने कसं जमणार? डॉक्टरांकडून कुत्र्याचं सिरपच घ्या, सोबतच्या सिरींजने मोजून जेवणानंतर द्या. उलट्या-जुलाब चालू असतील, पाणी पीत नसेल तर देऊच नका, कारण तेव्हा किडनीचा रक्तपुरवठा शरीरातल्या प्रोस्टाग्लँडिन नावाच्या ज्या रसायनावर टिकून असतो तेच हे औषध बंद पाडतं. स्टेरॉइड चालू असेल तरी नाही. शी डांबरासारखी काळी झाली, खाणं सुटलं किंवा अचानक खूप पाणी-खूप सूसू सुरू झालं तर पुढचा डोस थांबवून लगेच डॉक्टर गाठा. मांजराला कुत्र्याचं सिरपही नको.