निकालपत्रातून केस ब्रीफ कसा लिहावा: ओल्गा टेलिस खटला हाती घेऊन

विधीच्या विद्यार्थ्याला विचारा, 'ओल्गा टेलिस विरुद्ध मुंबई महानगरपालिका' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं काय ठरवलं? उत्तर लगेच येतं: उपजीविकेचा हक्क हा अनुच्छेद २१ मधल्या जीविताच्या हक्काचा भाग आहे. मग पुढचा प्रश्न विचारा, फुटपाथवासीयांच्या झोपड्या वाचल्या का? इथे बरेच जण अडखळतात. पालिकेला झोपड्या हटवण्याची मुभा मिळाली होती. तत्त्व याचिकाकर्त्यांच्या बाजूनं लागलं आणि आदेश मात्र त्यांच्या विरोधात गेला. या दोन्ही गोष्टी एकाच निकालात कशा बसतात, ते ज्या ब्रीफमधून, म्हणजे निकालाच्या आटोपशीर टिपणातून, कळत नाही तो परीक्षेतही कामाचा नाही आणि मूट कोर्टातही.

आधी शेवट वाचा

निकालपत्र हातात आलं की हेडनोट बाजूला ठेवा. ती न्यायाधीशांची नसते, वृत्तांत छापणाऱ्या संपादकांची असते. थेट शेवटच्या परिच्छेदांत जा आणि न्यायालयानं नेमका काय आदेश दिला ते कागदावर उतरवा. १० जुलै १९८५ च्या या निकालात आदेश असा होता: झोपड्या हटवता येतील, पण ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंत, म्हणजे पावसाळा सरून महिना होईपर्यंत नाही. ज्यांच्याकडे १९७६ च्या गणनेची ओळखपत्रं होती त्यांना मालवणीला किंवा दुसऱ्या सोयीच्या ठिकाणी जागा द्यावी, मात्र ती हटवण्याची पूर्वअट नाही. शेवट ठाऊक झाला की मधली पानं वाचताना कुठला मुद्दा या आदेशाकडे नेतो आहे ते दिसत राहतं.

तथ्ये: काय ठेवायचं, काय गाळायचं

प्रत्येक तथ्यापाशी थांबून एकच प्रश्न विचारा: हे वेगळं असतं तर निकाल किंवा त्याची कारणं बदलली असती का? उत्तर 'नाही' असेल तर ते गाळा. या निकालाची सुरुवात मुंबईतल्या फुटपाथवर आणि झोपडपट्ट्यांत राहणाऱ्यांच्या हलाखीच्या वर्णनानं होते. वाचताना मन हेलावतं, पण ब्रीफमध्ये त्याला एका वाक्याहून जास्त जागा नको. याउलट ही माणसं कामाच्या ठिकाणाजवळ म्हणून तिथे राहत होती, ही साधी वाटणारी गोष्ट ठेवायलाच हवी, कारण पुढची सगळी कारणमीमांसा तिच्यावर उभी आहे.

गाळणी लावल्यावर उरतं ते इतकंच: १३ जुलै १९८१ रोजी तेव्हाचे मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी फुटपाथवासीयांना हटवून त्यांच्या मूळ गावी किंवा शहराबाहेर पाठवण्याची घोषणा केली. त्यानंतर झोपड्या पाडल्या जाऊ लागल्या. मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ च्या कलम ३१४ नुसार आयुक्तांना रस्त्यावरचं अतिक्रमण नोटीस न देता हटवता येत होतं. रहिवासी, पत्रकार ओल्गा टेलिस आणि नागरी हक्क संघटना न्यायालयात गेल्या.

प्रकरण खालच्या न्यायालयातून कसं आलं, हेही तथ्यांतच येतं, आणि विद्यार्थी नेमकं तेच सोडतात. इथे मुंबई उच्च न्यायालयात याचिकाकर्त्यांच्या वकिलांनी कबूल केलं होतं की फुटपाथवर झोपडी बांधण्याचा मूलभूत हक्क आम्ही मागत नाही आणि १५ ऑक्टोबर १९८१ नंतर पाडकामात अडथळा आणणार नाही. ही ओळ सुटली तर पहिला वादप्रश्न कुठून आला ते कळणारच नाही.

वादप्रश्न: कायदा आणि तथ्य एकाच वाक्यात

'अनुच्छेद २१ चा भंग झाला का?' हा प्रश्न शेकडो खटल्यांना लागू पडेल, म्हणून तो या खटल्याचा वादप्रश्न नव्हे. प्रश्न असा लिहा की त्याचं उत्तर 'होय' किंवा 'नाही' येईल आणि त्यात या खटल्याचं तथ्य दिसेल:

१. उच्च न्यायालयात दिलेल्या कबुलीमुळे याचिकाकर्त्यांना मूलभूत हक्काचा दावा करण्यास विबंध होतो, म्हणजे तो दावा करायची वाट बंद होते का?
२. फुटपाथवरून हटवल्यानं रोजगार जात असेल, तर जीविताच्या हक्कापासून वंचित केलं असं होतं का?
३. नोटीस न देता अतिक्रमण हटवू देणारं कलम ३१४ अवाजवी, म्हणून घटनाबाह्य आहे का?

निर्णय

प्रत्येक प्रश्नाखाली एका ओळीत उत्तर द्या. इथे अनुक्रमे: नाही, होय, नाही. आदेश त्याखाली वेगळा लिहा. दोन्ही एकत्र मिसळले की सुरुवातीला सांगितलेला गोंधळ होतो.

कारणमीमांसा: इथे वेळ द्या

पहिला सापळा म्हणजे वकिलांचा युक्तिवाद न्यायालयाच्या तोंडी घालणं. निकालपत्रात पानंच्या पानं दोन्ही बाजूंचं म्हणणं मांडलेलं असतं. 'इट वॉज कंटेंडेड', 'लर्नेड कौन्सेल अर्ज्ड' असे शब्द दिसले की समासात 'वकील' अशी खूण करा. खूण नसलेला मजकूरच कारणमीमांसेत घ्यायचा.

मग 'म्हणून' या शब्दानं दुवे जोडत जा. संविधानानं दिलेले हक्क माणसाला सोडून देता येत नाहीत, म्हणून विबंध नाही. जगण्याचं साधन काढून घेतलं तर जीवितच काढून घेतल्यासारखं आहे, आणि ही माणसं कामाजवळ राहतात म्हणूनच त्यांना काम मिळतं. म्हणून हटवणं हा अनुच्छेद २१ चा प्रश्न ठरतो. पण अनुच्छेद २१ हक्क काढून घ्यायला सरसकट मनाई करत नाही, त्यासाठी कायद्यानं ठरवलेली, न्याय्य आणि वाजवी कार्यपद्धती मागतो. फुटपाथ चालणाऱ्यांसाठी असतात, म्हणून तिथलं अतिक्रमण हटवण्याचा अधिकार मुळात अवाजवी नाही.

सगळ्यात नाजूक दुवा नोटिशीचा आहे. कलम नोटीस न देण्याची मुभा देतं, नोटीस देऊच नका असं सांगत नाही; म्हणून एरवी नोटीस आणि म्हणणं मांडण्याची संधी द्यायलाच हवी, असा अर्थ न्यायालयानं लावला आणि कलम वाचवलं. मग ही सुनावणी न देणाऱ्या आयुक्तांची कारवाई का टिकली? कारण ती संधी आम्हीच पुरेपूर दिली आहे, असं न्यायालयानं म्हटलं. हे उत्तर पटो न पटो, ब्रीफमध्ये ते जसंच्या तसं यायला हवं. तुमचा आक्षेप खाली 'टीप' म्हणून वेगळा लिहा. मला स्वतःला हा दुवा संपूर्ण निकालात सगळ्यात कच्चा वाटतो, कारण कायद्याच्या वैधतेवर सर्वोच्च न्यायालयात झालेला वाद म्हणजे एकेका झोपडीवाल्याचं म्हणणं ऐकणं नव्हे. पण ते मत माझं आहे, घटनापीठाचं नाही.

प्रत्येक दुव्यापुढे परिच्छेद क्रमांक टाका. क्रमांक सापडत नसेल, तर ते वाक्य बहुधा तुमच्या डोक्यातून किंवा गाइडमधून आलेलं असतं. पुनर्वसनाशिवाय कोणालाही हटवता येणार नाही असं या निकालानं ठरवलं, हे वाक्य असंच फिरत असतं; त्याचा परिच्छेद शोधायला गेलात तर पूर्वअट नाही असं सांगणारी ओळच हाती लागते.

शीर्षकाची ओळ शेवटी लिहिलीत तरी चालेल: पक्षकार, (१९८५) ३ एससीसी ५४५, पाच न्यायमूर्तींचं घटनापीठ, निकाल लिहिणारे सरन्यायाधीश य. वि. चंद्रचूड. सगळं मिळून दीड पान पुरतं. ते वर्गातल्या एखाद्या मित्राला द्या आणि विचारा, याचिकाकर्ते का हरले? निकालपत्र न उघडता त्याला सांगता आलं नाही, तर नोटिशीचा दुवा पुन्हा लिहा.