पंखा आहे म्हणून ‘फोर्स्ड’ धरू नका: रिचर्डसन अंकात वेग कुठला घालायचा

ग्राशॉफ आणि रेनॉल्ड्स अंक काय असतात हे तुम्हाला माहीत आहे असं धरून चालतो. त्यांचं गुणोत्तर Gr/Re², म्हणजेच रिचर्डसन अंक. उत्प्लावक बल जडत्वाच्या बलापुढे किती मोठं आहे, ते हा अंक सांगतो. ०.१च्या खाली असेल तर संवहन फोर्स्ड, १०च्या वर असेल तर नॅचरल, मधला सगळा पट्टा मिक्स्ड. परीक्षेपुरतं एवढं पुरतं. नोकरीत मी इथेच अडकलो, आणि त्या आठवड्याची आठवण अजून त्रास देते.

काम साधं होतं. कंट्रोल पॅनेलच्या मागच्या भिंतीला ३० सेंटिमीटर लांब-रुंद, रंग न दिलेली अॅल्युमिनियमची उभी प्लेट. तिच्या एका बाजूने ४४ वॅट उष्णता काढायची होती. पॅनेलमधली हवा ३० अंशांवर, प्लेट ७० अंशांपर्यंत चालणार होती. वर १२० मिलिमीटरचा पंखा, हवा खाली ढकलणारा, तोंडाशी वेग सेकंदाला ३ मीटर. सीनियर म्हणाले, “पंखा आहे ना? मग फोर्स्डच.” तरीही मी अंक काढला:

```
Ri = gβΔT·L / V²
   = 9.81 × (1/323) × 40 × 0.3 / 3²
   ≈ 0.04
```

०.१च्या खाली आला. फोर्स्डच्या सूत्राने h सुमारे १२ W/m²K मिळाला, ४४ वॅटचा हिशेब जुळला आणि मी निर्धास्त झालो. चाचणीत प्लेट १०० अंशांच्या वर गेली.

चूक V मध्ये होती. ३ मीटर हा वेग पंख्याच्या तोंडाशी होता, प्लेटजवळ नव्हता. पंख्याचं तोंड साधारण ०.०११३ चौरस मीटर, म्हणजे सेकंदाला ०.०३४ घनमीटर हवा. पॅनेलचा आडवा छेद ५० बाय ३० सेंटिमीटर, म्हणजे ०.१५ चौरस मीटर. तीच हवा तिथे पसरली की सरासरी वेग उरतो ०.२३ मीटर. वेग तेरा पटींनी घटला. पण सूत्रात V चा वर्ग आहे, त्यामुळे Ri पावणेदोनशे पटींनी वाढून ७च्या आसपास गेला. पंखा तोच, प्लेट तीच, आणि उत्तर फोर्स्डवरून थेट मिक्स्डवर, तेही नॅचरलच्या काठावर. बाकी कुठल्याही आकड्यातली चूक एवढी महागात पडत नाही, म्हणून हे पुन्हा सांगतो: V म्हणजे त्या पृष्ठभागाजवळून वाहणाऱ्या हवेचा वेग. कॅटलॉगमधला आकडा तिथे घालूच नका. हॉट-वायर अॅनिमोमीटर मिळाला तर प्लेटजवळ धरून मोजा. नाही मिळाला तर प्रवाह भागिले छेद, एवढं तरी कराच.

आता खऱ्या वेगाने h बघा. एकट्या फोर्स्डचा ३.४, एकट्या नॅचरलचा ५.१. मिक्स्डमध्ये यांची सरळ बेरीज करत नाहीत. दोघांच्या नसेल्ट अंकांचे घन घेऊन बेरीज किंवा वजाबाकी करतात आणि मग घनमूळ काढतात. हवा वर जात असेल तर दोन्ही प्रवाह एका दिशेने, म्हणून बेरीज, h ५.५. आमचा पंखा हवा खाली ढकलत होता, गरम हवा वर जाऊ पाहत होती, म्हणून वजाबाकी, h ४.५. Ri ची किंमत ही दिशा सांगत नाही, ती चित्र काढूनच ठरवावी लागते. ‘फोर्स्ड म्हणजे दिशेचा प्रश्नच नाही’ ही पाठ केलेली पळवाट मला इथे नडली.

आणखी एक गोष्ट. ΔT चा ४० हा आकडा मी गृहीत धरला होता, पण ठरलेली होती ती उष्णता. h कमी म्हटल्यावर ΔT वाढतो, आणि ΔT वाढला की Ri सुद्धा वाढतो. दोन-तीनदा फेरहिशेब केला तेव्हा ΔT ८५ अंशांजवळ थांबला आणि Ri १४ झाला. म्हणजे शेवटी प्लेट मुख्यतः नॅचरलनेच थंड होत होती, आणि पंखा उलट तिला अडवत होता. चाचणीतल्या तापमानाशी हे जुळलं.

घाबरू नका, हे सुधारण्यासारखं असतं. ०.१ आणि १० या काही भिंती नाहीत. ०.०८ आला म्हणून निश्चिंत होऊ नका आणि ०.३ आला म्हणून हातपाय गाळू नका. दोन्ही h काढा, लहान किती लहान आहे ते बघा.

आम्ही आधी पंखा उलटा केला. हिशेबाने त्यातून जेमतेम सात अंश मिळणार होते. खरा उपाय पत्र्याचा निघाला: प्लेटपासून ५ सेंटिमीटरवर एक आडोसा लावून पंख्याची सगळी हवा त्या फटीतून नेली. छेद ०.०१५ चौरस मीटर, वेग २.३ मीटरच्या आसपास. ७० अंशांच्या प्लेटसाठी Ri ०.०७ झाला, आणि तेव्हा कुठे फोर्स्डचं सूत्र वापरणं रास्त ठरलं.