क्रिएटिनचा डबा फोडण्याआधी: बॅच नंबर, बॅच नंबर आणि बॅच नंबर

साधं, फ्लेवर नसलेलं क्रिएटिन मोनोहायड्रेट घ्या, सील बघा, एफएसएसएआयचा नंबर बघा, एक्स्पायरी बघा, हे सगळ्यांना माहीत आहे, पुढे जाऊ. मात्र एफएसएसएआयचा नंबर म्हणजे धंद्याचं लायसन्स, तुमच्या हातातल्या पावडरची तपासणी नव्हे.

आता मुद्द्याचं. कंपनीच्या साइटवर लॅब रिपोर्ट असतो तो उघडा, आणि त्यात आधी बाकी काही न वाचता फक्त बॅच नंबर शोधा. मग डबा उलटा करा, तळाशी फिकट शाईत ठिपक्याठिपक्यांनी छापलेला नंबर असतो, बऱ्याचदा अर्धा पुसलेला, मोबाईलचा टॉर्च लावून वाचा. दोन्ही जुळले पाहिजेत. मागच्या वेळी मी रिपोर्ट अगदी मन लावून वाचला आणि हेच बघायचं राहिलं, रिपोर्ट भलत्याच बॅचचा निघाला आणि तोवर डबा अर्धा संपला होता. बॅच जुळत नसेल तर ईमेल करून त्या बॅचचा रिपोर्ट मागा, दिला नाही तर डबा परत करा. म्हणून तो आधी फोडू नका!

बॅच इतकी का महत्त्वाची, तर घाण प्रत्येक घाण्यात वेगळी निघते. क्रिएटिन बनतं सोडियम सार्कोसिनेट आणि सायनामाइड पाण्यात एकत्र करून. तापमान किंवा पीएच ढळला की सायनामाइडचे दोन रेणू एकमेकांनाच चिकटतात, तेच डायसायनडायमाइड. दुसऱ्या वाटेने डायहायड्रोट्रायझिन बनतं, आणि क्रिएटिन स्वतःच मोडून क्रिएटिनिन होतं. हे सगळं धुऊन, पुन्हा स्फटिक पाडून काढायचं असतं, आणि स्वस्त माल बनवणारा नेमकं इथेच पाणी आणि वेळ वाचवतो. डायसायनडायमाइड स्वतः फार विषारी नाही, त्याच्या नावाने उगाच घाबरवणारे व्हिडिओ बघू नका, पण ते जास्त सापडलं म्हणजे धुण्यात कामचुकारपणा झालाय एवढं नक्की. डायहायड्रोट्रायझिनबद्दल मात्र सुरक्षिततेची माहितीच कमी आहे, ते सापडूच नये.

रिपोर्टमध्ये या तिघांचे वेगळे आकडे हवेत, एचपीएलसी या घटक वेगळे करून मोजणाऱ्या पद्धतीने मोजलेले. युरोपियन फूड सेफ्टी अथॉरिटीच्या २००४च्या शिफारशीप्रमाणे डायसायनडायमाइड किलोमागे ५० मिलिग्रॅमपर्यंत आणि क्रिएटिनिन १०० पर्यंत चालतं. नुसतं "प्युरिटी ९९.९%" लिहून तुमची बोळवण होऊ देऊ नका, कारण उरलेला ०.१% म्हणजे किलोत १००० मिलिग्रॅम, त्यात हे सगळे आरामात मावतात. २०११ मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात इटलीच्या बाजारातले ३३ नमुने तपासले, तर जवळपास निम्मे कुठल्या ना कुठल्या बाबतीत मर्यादेबाहेर निघाले, आणि जड धातूंपैकी मोजण्याइतका सापडला तो फक्त पारा. लोक शिशाच्या नावाने ओरडतात आणि या तिघांकडे बघतही नाहीत.

तरी धातू बघायचेच. शिसं, आर्सेनिक, कॅडमियम, पारा, चौघांचे चार आकडे, आयसीपी-एमएस या प्रत्येक धातू वेगळा मोजणाऱ्या पद्धतीने. "हेवी मेटल्स: १० पीपीएमपेक्षा कमी, पास" अशी एकच ओळ दिसली तर तो रिपोर्ट बाजूला ठेवा. ही बहुतेक जुनी सल्फाइडची चाचणी असते, रंग किती काळपट झाला ते डोळ्यांनी बघायचं, आणि नमुना जाळताना पारा उडूनच जातो. अमेरिकन फार्माकोपियाने ती २०१८ मध्ये बंद केली. गणितही करून बघा: १० पीपीएम म्हणजे ग्रॅममागे १० मायक्रोग्रॅम, रोज ५ ग्रॅम खाल्लं तर ५० मायक्रोग्रॅम. ते सगळं शिसं असलं तरी रिपोर्ट "पास"च म्हणणार, आणि औषधांचे आंतरराष्ट्रीय निकष ठरवणाऱ्या आयसीएचची शिशाची तोंडावाटे मर्यादा दिवसाला ५ मायक्रोग्रॅम आहे. सुरुवातीच्या लोडिंगला रोज २० ग्रॅम घेणाऱ्यांनी चारने गुणावं. "एनडी", म्हणजे सापडलं नाही, असं लिहिलं असेल तर लॅब किती खालपर्यंत मोजू शकते तेही लिहिलेलं हवं, नाहीतर त्या एनडीला अर्थ नाही. आणि हो, रिपोर्टवर बॅच नंबर.

खेळाडूंसाठीचं प्रतिबंधित औषधांचं सर्टिफिकेट ही वेगळी गोष्ट, त्यावरून डायसायनडायमाइड कळत नाही. पावडरचा रंग, चव, पाण्यात विरघळणं, यावरूनही काही कळत नाही, जिममधले काहीही सांगोत.

स्वतः तपासून घ्यायचं असेल तर एनएबीएल मान्यता असलेली लॅब, पण मान्यता कुठल्या चाचण्यांना आहे ते विचारा, आणि डायसायनडायमाइड मोजता का हे पैसे भरण्याआधी. नमुना सीलबंद, बॅच नंबरचा फोटो काढून. घरी पावडर कोरडी ठेवा, पाण्यात कालवून ठेवू नका, क्रिएटिनिन होतं. रक्ततपासणी असेल तर डॉक्टरांना सांगा की क्रिएटिन चालू आहे. नवीन डबा आला की बॅच नंबर परत बघा, ब्रँड तोच असला तरी.