शीर्षक शेवटी ठेवा, पण सारांश म्हणून नको

कविता पूर्ण झाल्यावरच शीर्षकाकडे वळा. आधी सुचलेलं शीर्षक बहुधा विषयाचं नाव असतं, ते वहीच्या कोपऱ्यात लिहून विसरून जा. आणि ‘मृगजळ’, ‘क्षितिज’, ‘हिंदोळा’ असले कोणत्याही कवितेला चालणारे शब्द आत्ताच बाजूला काढा. जे शीर्षक दुसऱ्या दहा कवितांवरही बसतं, ते तुमच्या कवितेचं नाही.

‘शीर्षकातून विषय कळला पाहिजे’ हा सल्ला कविसंमेलनांत अजून सर्रास दिला जातो. निबंधाला तो ठीक आहे, पण कवितेचं त्यानं नुकसान होतं. माझंच झालं. वडील गेल्यानंतर मी ही कविता लिहिली:

घड्याळ थोरल्यानं नेलं,
शाल ताईनं.
चष्मा कुणालाच लागेना,
तो खिडकीतच राहिला.
तेराव्याला पाहुणे पांगल्यावर
मी चपला काढून उंबऱ्यात खाकरलो,
आणि आतून आईनं विचारलं,
“आज लवकर आलात?”

शीर्षक दिलं होतं ‘बाबांचा खोकला’. एका काव्यवाचनात ते मोठ्यानं सांगितलं आणि कविता सुरू केली. ‘खाकरलो’ हा शब्द आला तेव्हाच समोरच्या रांगेतल्या बाई हळहळल्या. शेवट त्यांना आधीच कळला होता. आईच्या ‘आलात’मध्ये जो धक्का आहे, मुलाला कुणी ‘आलात’ म्हणत नाही हा, तो शीर्षकानं आधीच खर्चून टाकला होता.

मग मी ‘वारसा’ केलं आणि वर्षभर तेच ठेवलं. ही चूक जास्त फसवी, कारण शब्द भारदस्त असल्यानं शीर्षक चांगलं वाटतं. पण ‘वारसा’ म्हणजे कवितेचा अर्थच एका शब्दात. वाचक शेवटच्या ओळीनंतर वर बघतो आणि मान डोलावतो, ‘बरोबर, वारसा.’ तिथे त्याचं वाचन संपतं. भावनेचं नाव शीर्षकात आलं, ‘एकाकी’, ‘ओढ’, ‘पोकळी’, की दर वेळी असंच होतं.

यातून सुटायला मला एक प्रश्न उपयोगी पडला: कवितेत जे घडतंय, ते घडत असताना तिच्या बाहेर आणखी काय चालू होतं? त्याच दिवसांत आम्ही तलाठ्याकडे कागद घेऊन फिरत होतो, सातबाऱ्यावर आमची नावं लावायला. शीर्षक झालं ‘वारसनोंद’. ‘वारसा’ आणि ‘वारसनोंद’ यांत दोनच अक्षरांची भर आहे, पण पहिला शब्द कवितेच्या अर्थातला आहे, दुसरा सरकारी दप्तरातला. तो वर बसल्यावर घड्याळ आणि शाल यांच्या ओळी अचानक नोंदींसारख्या वाचल्या जातात. चष्म्याला वारस नाही, हे लक्षात येतं. आणि मुलाच्या घशात जे उतरलंय त्याची नोंद कोणत्याच दप्तरात होणार नाही, हे मी कुठेही न लिहिता वाचकापर्यंत जातं.

पण इथे हात आवरा. मी लगेच ‘फेरफार’ करून पाहिलं. सातबाऱ्यावरची नावं बदलण्याच्या नोंदीला फेरफार म्हणतात, पण ज्यांचा जमिनीच्या कागदांशी संबंध येतो त्यांनाच ते उमगलं. बाकीच्यांना वाटलं, कुणीतरी लबाडी केली आहे आणि ते ती कवितेत शोधत बसले. बाहेरून आणलेला शब्द वाचकाला माहीत हवा आणि कवितेतल्या निदान एका ओळीला त्यानं हात लावला पाहिजे.

शब्द कवितेतलाच घेतला तर? चालतो, पण जागा बघून. बालकवींच्या ‘औदुंबर’मध्ये आठ ओळी आहेत. झरा, गाव, मळे, पायवाट असं चित्र सरकत जातं आणि औदुंबर अगदी शेवटचा शब्द म्हणून येतो. शीर्षकामुळे आपण सात ओळी त्या झाडाची वाट बघत असतो. तो दत्ताचा वृक्ष आहे, त्यामुळे जळात पाय टाकून बसलेलं ते झाड आपोआप कुणी ध्यानस्थ वाटू लागतं. ‘नदीकाठ’ म्हटलं असतं तर हे दोन्ही गेलं असतं.

पारख अशी करा. कविता शीर्षकाविना कुणाला तरी वाचायला द्या. वाचून झाल्यावर शीर्षक सांगा आणि त्याच्या डोळ्यांकडे बघा. ‘हो, छान’ म्हणून कागद परत दिला, तर शीर्षक सारांशच आहे. डोळे परत एखाद्या ओळीवर गेले, तर ठेवा. ‘वारसनोंद’ सांगितल्यावर माझा मित्र चष्म्याच्या ओळीवर परत गेला होता.

शीर्षक पक्कं झालं की कविता पुन्हा तपासा, एखादी ओळ आता जास्तीची झालेली असते. माझ्या कवितेच्या शेवटी ‘एवढंच माझ्या वाट्याला आलं’ अशी नववी ओळ होती. ती मी त्याच दिवशी खोडली.