गृहकर्ज आधी फेडायचं की एसआयपी लावायची? या चुका टाळा

कोल्हापुरात राजारामपुरीच्या चहाच्या टपरीवर हा विषय निघाला की दोन तट पडतात. एकजण म्हणतो, "डोक्यावर कर्ज नको, आधी मोकळा हो." दुसरा मोबाईलवर एसआयपीचा कॅल्क्युलेटर उघडून पन्नास लाखांचा आकडा दाखवतो. दोघांचेही आकडे बरोबर असतात, पण तुलना दोघांचीही चुकलेली असते. सगळ्यात जास्त दिसणारी चूक हीच आहे, म्हणून तिच्यापासूनच सुरू करू.

चूक पहिली: वाचलेलं व्याज आणि एसआयपीची रक्कम शेजारी ठेवणं

एक कर्ज घेऊ. मूळ ३० लाख, ८.५ टक्के, २० वर्षं, हप्ता २६,०३५ रुपये. पाच वर्षं हप्ते भरून झालेत. मुद्दल अजून साधारण २६ लाख ४४ हजार बाकी आहे आणि १५ वर्षं उरलीत. घरखर्च भागून महिन्याला १०,००० शिल्लक पडतात.

हे दहा हजार दर महिन्याला मुद्दलात भरले तर कर्ज १८० ऐवजी १०४ महिन्यांत संपतं आणि व्याजाचे साधारण ९ लाख ४० हजार वाचतात. तेच दहा हजार १२ टक्क्यांच्या हिशोबाने १५ वर्षं एसआयपीत गेले तर साधारण ५० लाख होतात. इथं लोक म्हणतात, "नऊ लाख कुठं आणि पन्नास लाख कुठं!" आणि उठून जातात.

पण पहिला माणूस १०४ महिन्यांनंतर कर्जमुक्त झालाय. उरलेले ७६ महिने त्याच्या हातात दहा हजार नाही, पूर्ण ३६,०३५ रुपये मोकळे आहेत. त्याने ते सगळे त्याच १२ टक्क्यांनी गुंतवले तर पंधराव्या वर्षाअखेरीस त्याच्याकडेही ४० लाख ७० हजारांच्या आसपास जमतात. म्हणजे फरक चाळीस लाखांचा नाही, सव्वानऊ लाखांचा आहे, तोही कर भरण्याआधीचा. शेअर फंडांतल्या दीर्घकालीन नफ्यावर वर्षाला सव्वा लाखाच्या पुढे १२.५ टक्के कर लागतो. सगळी रक्कम एकदम काढली तर तो धरून फरक सात लाखांच्या आत येतो.

परतावा १२ ऐवजी १० टक्के धरा. कर वजा केल्यावर १५ वर्षांनी दोघांत उरतो तो फरक दोन लाखांहूनही कमी. ७ टक्के धरला तर कर धरायच्या आधीच कर्ज फेडणारा अडीच लाखांहून जास्त पुढे जातो. आणि परतावा बरोबर ८.५ टक्के, तोही करानंतरचा, असेल तर दोघे एकाच ठिकाणी पोचतात. कारण साधं आहे. मुद्दलात भरलेला प्रत्येक रुपया कर्जाच्या दराइतकं कमावतो, त्यावर कर नाही आणि जोखीमही नाही.

एक्सेलमध्ये स्वतःच्या आकड्यांनी दोन ओळी टाकून बघा. पहिली महिने सांगते, दुसरी एसआयपीची रक्कम:

```
=NPER(8.5%/12,-36035,2644000)
=FV(12%/12,180,-10000)
```

दुसऱ्या ओळीत १८० च्या जागी ७६ आणि १०,००० च्या जागी ३६,०३५ घातले की कर्ज फेडणाऱ्याची बाजू मिळते. पाच मिनिटांचं काम आहे. एवढंही न करता ठरवणाऱ्याने निदान ठाम मत तरी देऊ नये.

या हिशोबात एक मेख आहे. कर्ज फेडणारा तेव्हाच बरोबरीत राहतो, जेव्हा हप्ता संपल्याच्या दुसऱ्याच महिन्यापासून पूर्ण ३६ हजार गुंतवणुकीत जातात. प्रत्यक्षात बहुतेक घरांत पहिल्याच दिवाळीत गाडी येते. तसंच एसआयपीवाल्याचं. २०२० च्या मार्चमध्ये निफ्टी दोन महिन्यांत एक तृतीयांशाहून जास्त घसरला, तेव्हा ज्यांनी एसआयपी बंद केली त्यांच्यासाठी १२ टक्क्यांचा आकडा कागदावरच राहिला. म्हणून दरांवर वाद घालण्याआधी स्वतःचा स्वभाव बघावा. पडत्या बाजारात हात थरथरत असतील तर कर्ज फेडावं, त्यात कमीपणा नाही.

चूक दुसरी: हातातला सगळा पैसा मुद्दलात घालणं

गोकुळ शिरगावच्या एका फौंड्रीत सुपरवायझर असलेले गृहस्थ. घर नागाळा पार्कच्या खालच्या बाजूला. २०१९ च्या जूनमध्ये बोनस आणि मोडलेली ठेव मिळून साडेतीन लाख त्यांनी एकरकमी कर्जात भरले. बचत खात्यात उरले वीसेक हजार. हप्ता कमी झाल्याच्या आनंदात महिना गेला आणि ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी घरात शिरलं. फ्रीज, गाद्या, वायरिंग, मोटारसायकल, सगळं गेलं. विम्याचा दावा मंजूर व्हायला वेळ लागणार होता. बँकेत जाऊन भरलेल्यातले दीड लाख परत मागितले, तर उत्तर आलं की मुदत कर्जात भरलेलं मुद्दल परत मिळत नाही, त्याच घरावर वाढीव कर्ज, म्हणजे टॉप-अप, हवं तर नवीन अर्ज करा. ओल्या कागदांनिशी टॉप-अपचा अर्ज कोण करणार? शेवटी बायकोचे दागिने गहाण ठेवून गृहकर्जापेक्षा तीन-चार टक्के महाग पैसा उचलला.

यात बँकेची चूक नाही. नियम तसाच आहे. चूक क्रमाची होती. आधी सहा महिन्यांचा घरखर्च आणि सहा हप्ते बाजूला पडले पाहिजेत. वरच्या उदाहरणात घरखर्च ३५ हजार धरला तर हप्त्यासह ६१ हजार, म्हणजे सहा महिन्यांचे साधारण ३ लाख ६६ हजार. ते बचत खात्याला जोडलेल्या स्वीप ठेवीत किंवा लिक्विड फंडात ठेवावेत. व्याज कमी मिळतं म्हणून कुरकुर करू नये, ती रक्कम कमावण्यासाठी ठेवलेलीच नसते.

ज्यांची आवक एकसारखी नसते, गुऱ्हाळवाले, ठेकेदार, दुकानदार, त्यांनी ओव्हरड्राफ्ट प्रकारच्या गृहकर्जाची चौकशी करावी. शिल्लक पैसा त्या खात्यात पडून राहिला की तेवढ्या मुद्दलावर व्याज लागत नाही, आणि गरज पडली की काढता येतो. दर थोडा जास्त असतो, म्हणून खात्यात नेहमी दोन-चार लाख राहणार असतील तरच ते परवडतं.

चूक तिसरी: "व्याज तर बँकेने आधीच घेतलंय"

हे वाक्य आठव्या-नवव्या वर्षी हमखास ऐकू येतं. बँक व्याज आधी काढून घेत नाही. दर महिन्याला बाकी मुद्दलावर त्या महिन्याचं व्याज लागतं. सुरुवातीला मुद्दल मोठं असतं म्हणून हप्त्यात व्याजाचा वाटा मोठा दिसतो, एवढंच. आज भरलेला रुपया चौथ्या वर्षीही ८.५ टक्केच वाचवतो आणि चौदाव्या वर्षीही. फरक इतकाच की चौदाव्या वर्षी तो वाचवायला सहाच वर्षं उरलेली असतात. म्हणून शेवटच्या दीड-दोन वर्षांचं कर्ज "बंद करून टाकू" म्हणत ठेवी मोडणाऱ्यांच्या हाती फार काही लागत नाही.

चूक चौथी: पैसे भरले, पण कशासाठी ते लिहून दिलं नाही

जादा रक्कम नुसती कर्ज खात्यात ढकलली की काही ठिकाणी ती पुढच्या हप्त्यांपोटी आगाऊ धरली जाते, काही ठिकाणी हप्ता कमी होतो. अर्जात स्पष्ट लिहावं: "ही रक्कम मुद्दलात जमा करावी, हप्ता तोच ठेवून मुदत कमी करावी." वरच्या कर्जात दोन लाख असे भरले तर २५ हप्ते कमी होतात आणि साधारण साडेचार लाख व्याज वाचतं. तेच हप्ता कमी करून घेतला तर महिन्याला १,९७० रुपये सुटतात आणि व्याज वाचतं दीड लाखाच्या आसपास. सुटलेले १,९७० रुपये दर महिन्याला पुन्हा मुद्दलात भरणारा माणूस दोन्हीकडे सारखाच राहतो, पण असा माणूस विरळा. आठवड्याभरात नवीन परतफेडीचा तक्ता मागून घ्यावा आणि शेवटच्या हप्त्याची तारीख पेनने अधोरेखित करावी.

फ्लोटिंग दराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतपूर्व परतफेडीचा दंड लावता येत नाही. कोणी मागितला तर लेखी मागा.

चूक पाचवी: करसवलतीसाठी कर्ज सांभाळणं

नवीन करपद्धतीत राहत्या घराच्या व्याजाची वजावट नाही आणि मुद्दलाचीही नाही. नवीन पद्धत निवडलेल्याला "टॅक्स वाचतो, कर्ज राहू दे" हा सल्ला देणारा माणूस पाच वर्षं मागे आहे. जुन्या पद्धतीत व्याजाची वजावट वर्षाला दोन लाखांपर्यंत मिळते. ३० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये, सेस धरून, ८.५ टक्क्यांचं कर्ज त्या मर्यादेपर्यंत प्रत्यक्षात ५.८५ टक्क्यांना पडतं. पण आपल्या उदाहरणात यंदाचं व्याज २ लाख २१ हजार आहे. मर्यादेवरच्या २१ हजारांना सवलत नाही, म्हणजे पहिले सव्वादोन-अडीच लाख मुद्दलात भरले तर यंदाची सवलत न गमावता पूर्ण ८.५ टक्के वाचतात. तिथपर्यंत भरावं, मग एसआयपीचा विचार करावा. घर आणि कर्ज दोघांच्या नावावर असेल तर दोन लाखांची मर्यादा प्रत्येकाला वेगळी मिळते.

थोडक्यात उरकण्यासारख्या

करपात्र ठेवीत ७ टक्क्यांनी पैसे ठेवून ८.५ टक्क्यांचं कर्ज चालवणं म्हणजे स्वतःच्याच खिशातून बँकेला बक्षीस देणं.

भिशी ही गुंतवणूक नाही. गुजरीतले दागिनेही नाहीत, घडणावळ गेली की हिशोब आपोआप कळतो.

महिन्याला चार-पाच टक्के देतो म्हणणाऱ्याकडे शिल्लक पैसा देणाऱ्यांशी गृहकर्जावर बोलण्यात अर्थ नाही.

जादा भरण्याआधी आपला दर नवीन ग्राहकाच्या दराशी ताडून बघा. जुनं कर्ज अर्धा-पाऊण टक्का महाग निघालं तर थोडं शुल्क भरून दर बदलून मिळतो, आणि मग वरचे सगळे हिशोब नव्याने करावे लागतात.

मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेचा रेपो दर ४ वरून ६.५ टक्क्यांवर गेला, तेव्हा अनेकांचा हप्ता तोच राहिला आणि मुदत गुपचूप वाढली. ती निवृत्तीच्या पुढे सरकली असेल तर एसआयपी आधी की कर्ज हा प्रश्नच नाही, मुदत मागे आणा.

आणि कर्ज खरंच संपल्यावर

नो ड्यूजचा कागद घेऊन पेढे वाटायला जाऊ नये. मूळ खरेदीखत व बाकी कागद ३० दिवसांत परत मिळायला हवेत. बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाईची तरतूद आहे. सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्डावर बोजा चढवला असेल तर बँकेचं पत्र घेऊन तलाठी किंवा सिटी सर्व्हे कार्यालयातून तो कमी करून नवा उतारा काढा. दुय्यम निबंधकाकडे गहाणाची सूचना नोंदवली होती, तीही रद्द झाल्याची खात्री करा. महिन्या-दीड महिन्याने क्रेडिट रिपोर्ट उघडून कर्ज 'Closed' दिसतंय का ते बघा. आणि त्याच महिन्यात ३६,०३५ रुपयांची एसआयपी पगाराच्या दुसऱ्या दिवसाची तारीख टाकून सुरू करा, गाडीच्या शोरूमकडे जाण्याआधी.