गौरीच्या पोस्टची तयारी, नौपाड्यातल्या सराफी दुकानासाठी

नौपाड्यातल्या एका लहान सराफी दुकानाच्या सणासुदीच्या पोस्ट मी करते. मालकांना सगळे काका म्हणतात, मीही. दोन वर्षांपूर्वी गौरी आवाहनाला आम्ही टाकलेली पोस्ट अशी होती: वर नेटवरून उचललेले गौरीचे मुखवटे, मध्ये ‘हार्दिक शुभेच्छा’, खाली शुभेच्छांहून मोठ्या अक्षरात घडणावळीवरची सूट आणि त्याखाली दोन फोन नंबर. काकूंनी ती पाहिली आणि एवढंच म्हणाल्या, “अगं, हे हळदीकुंकवाला बोलावून बिल हातात दिल्यासारखं झालं.” तेव्हापासून तयारीचा क्रम मी बदलला. इथे गौरीचाच सांगते, कारण या सणात दागिना आधीपासून आहेच, तो आपल्याला घुसवावा लागत नाही.

तयारी सुरू होते तीन आठवडे आधी, पंचांग उघडून. गौरी अनुराधा नक्षत्रावर येतात, ज्येष्ठावर जेवतात, मूळावर जातात. म्हणून तारीख गणेश चतुर्थीपासून दिवस मोजून धरायची नाही, आवाहनाचा दिवस आणि वेळ पाहून लिहून ठेवायची. त्याच कागदावर सूट, नवे नग, दुकानाच्या वेळा असं जे काही विकण्याचं बोलायचं असेल ते सगळं उतरवायचं आणि ते आवाहनाच्या दिवशी बोलायचं नाही असं ठरवून टाकायचं. त्याची पोस्ट वेगळी आणि निदान दहा-बारा दिवस आधी. त्या पोस्टमध्ये आम्ही नव्या हारापेक्षा कामाचं बोलतो: गौरीची चिंचपेटी, तन्मणी, मोत्यांच्या सरी गाठवून मिळतील, काळवंडलेलं पंचपाळं आणि निरांजन उजळून मिळेल, अमुक तारखेपर्यंत आणून द्या. माळ्यावरचा डबा बायका त्याच सुमारास खाली काढतात आणि दोरा कुजलेला तेव्हाच लक्षात येतो. तारीख लिहिण्याआधी गाठवणाऱ्याला विचारायचं. पहिल्या वर्षी न विचारता लिहिली आणि आवाहनाच्या सकाळी काकांना दोन घरी स्वतः पोहोचवायला जावं लागलं.

मग खुद्द शुभेच्छांची पोस्ट. तिच्यात एकच वस्तू ठेवायची आणि ती ट्रेमध्ये मांडलेली नको, कामात असलेली हवी. आम्ही चांदीचा कुंकवाचा करंडा निवडला. झाकण उघडं, बोटाला कुंकू लागलेलं, मागे दाराच्या उंबऱ्याशी काढलेलं रांगोळीचं पाऊल. मुखवटे मुद्दाम टाळले. ठाण्यात कुणाकडे मुखवट्यांच्या उभ्या गौरी असतात, कुणाकडे तेरड्याची, कुणाकडे पाणवठ्यावरून आणलेल्या खड्यांची. कुठे पुरणपोळी, तर सीकेपी घरांत तिखटाचा नैवेद्य. मुखवटे दाखवले की खड्यांच्या गौरीवाल्यांना ती दुसऱ्याच्या घरची पोस्ट वाटते. करंडा मात्र सगळ्यांच्या घरी लागतो.

फोटो दुकानात काढायचा नाही. काउंटरवरच्या पांढऱ्या दिव्यांत सोनं फिकट, हिरवट दिसतं आणि चांदीत छताचे सगळे दिवे आणि फोन धरलेला आपला हात उमटतो. सकाळी खिडकीशी, ऊन थेट न येणाऱ्या जागी वस्तू ठेवायची, खिडकीला पातळ पांढरं धोतर किंवा ओढणी लावायची आणि समोरच्या बाजूला पांढरा पुठ्ठा धरायचा. वस्तू मऊ सुती कापडाने पुसून, नंतर कापडानेच धरायची. बोटांचे ठसे फोनच्या पडद्यावर दिसत नाहीत, मोठं करून पाहिलं की दिसतात आणि मोठं करून पाहणारीच खरी गिऱ्हाईक असते.

कुणाला नथ घालून फोटो काढणार असाल तर पाठवण्याआधी नथ कुठल्या बाजूला आहे ते पाहा. नथ डाव्या नाकपुडीत, पदर डाव्या खांद्यावर. सेल्फी कॅमेरा किंवा मजकुराला जागा करण्याच्या नादात डिझाइनवाला मुलगा फोटो उलटा करतो आणि नथ उजवीकडे जाते. आमच्याकडे हे झालंय. शुभेच्छा कुणी वाचल्या नाहीत, नथीवरच सगळ्या बोलल्या! गणपतीच्या सोंडेचंही तेच.

आता शब्द. गौरी घरात आणताना विचारतात, “गौरी आली, कशाच्या पावलांनी आली?” आणि उत्तर येतं, “सोन्याच्या पावलांनी आली.” सराफाला याहून वेगळी ओळ शोधायची गरज काय? आमचा मजकूर एवढाच होता: “गौरी आल्या, सोन्याच्या पावलांनी आल्या. तुमच्या घरच्या माहेरवाशिणींना आमचा नमस्कार.” खाली बारीक अक्षरात दुकानाचं नाव आणि ‘नौपाडा, ठाणे’. भाव नाही, सूट नाही, ‘आजच भेट द्या’ नाही. सोन्याचा भाव तर मुळीच नको, तो दुपारपर्यंत शिळा होतो आणि गिऱ्हाईक फोटो दाखवून तोच मागतं. काकांना वाटत होतं निदान ‘हॉलमार्क’ तरी लिहू. मी नको म्हटलं. हॉलमार्कसोबत दागिन्यावर असणारा सहा अंक-अक्षरांचा एचयूआयडी क्रमांक १ एप्रिल २०२३ पासून सक्तीचा आहे खरा, पण २ ग्रॅमच्या आतल्या नगांना त्यातून सूट आहे आणि आपल्या बऱ्याच नथी त्याच वजनाच्या. चित्रात नथ आणि खाली हॉलमार्क असं लिहिलं आणि त्या नथीवर शिक्का नसला, तर शुभेच्छा देऊन भांडण विकत घेतल्यासारखं.

मजकूर चित्रावर बसवल्यावर फोनवर उघडून मोठ्याने वाचायचा. जुन्या फॉन्टमधून आणलेल्या मराठीत जोडाक्षरं फुटतात, ऱ्हस्व वेलांटी पुढच्या अक्षरावर जाऊन बसते. ‘शुभेच्छा’मधला च्छ आधी तपासा.

पाठवायचं कसं, हे थोडक्यात. व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट यादीत २५६ च नंबर बसतात आणि ज्यांनी आपला नंबर साठवलाय त्यांनाच तो संदेश पोहोचतो. म्हणून बिल करतानाच “काकू, आमचा नंबर सेव्ह करून ठेवा” म्हणायची सवय दुकानातल्या मुलांना लावायची. आवाहनाच्या दिवशी सकाळी आठच्या आत पाठवलं तर पाहिलं जातं, नंतर हात रांगोळीत असतात.

उत्तरं येतात त्याचीही तयारी हवी. करंड्याच्या पोस्टवर आधी नुसते नमस्कार आले, मग संध्याकाळी एकीने विचारलं, “करंडा केवढ्याचा?” म्हणून चित्रातल्या वस्तूचं वजन आणि ती शिल्लक आहे का, हे कागदावर लिहून काउंटरवर ठेवायचं. उत्तर त्या बाईंना एकटीला द्यायचं, आणि आधी “गौरी आल्या का?” विचारून. गिऱ्हाइकांनी आपल्या सजवलेल्या गौरींचे फोटो पाठवले तर विचारल्याशिवाय पुढे टाकायचे नाहीत. विचारून टाकले तरी नाव, इमारत, खिडकीतून दिसणारी सोसायटीची पाटी कापायची. घरात किती सोनं मांडलंय ते आपण गावाला का सांगावं?

शेवटी अनंत चतुर्दशीपर्यंतच्या ऑर्डरी पोहोचल्या का ते पाहायचं, कारण त्यानंतर पितृपक्ष. त्या पंधरवड्यात बरीच घरं सोनं घेत नाहीत, आम्हीही पोस्ट टाकत नाही. करंडा पुसून कपाटात, आणि घटस्थापनेच्या फोटोसाठी खिडकी मोकळी.